सियालकोटची हॉकी: लाकूड, ठसा आणि एक पट्टी

आपल्या वऱ्हाडात जुन्या घरांच्या माळ्यावर तीन वस्तू हमखास सापडतात. जवसाचं तेल पिऊन काळी पडलेली क्रिकेटची बॅट, तारा तुटलेली टेनिसची रॅकेट, आणि दाराआड उभी करून ठेवलेली हॉकी. त्यातली हॉकी बहुतेक वेळा ‘ध्यानचंदच्या वेळची’ असते. निदान घरातली मंडळी तसं सांगतात. मी इतिहास शिकवणारा माणूस नाही, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण शब्द कुठून आला, कधी आला, हे शोधायची सवय लागली की ती वस्तूंनाही लागू होते. गेली काही वर्षं चांदूर रेल्वे आणि आजूबाजूच्या घरांत अशा वस्तू पाहत आलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: वस्तूचं वय एका आकड्यात सांगता येत नाही, दोन हद्दींत सांगता येतं. एक हद्द म्हणजे ‘ही वस्तू याच्या आधीची असू शकत नाही’. दुसरी म्हणजे ‘ही याच्या नंतरची असू शकत नाही’. या दोन्ही हद्दी जितक्या जवळ आणता येतील तितकं आपलं काम चांगलं.

आज हॉकीच्या एका काठीबद्दल सविस्तर लिहितो. बॅट आणि रॅकेटचं थोडक्यात सांगेन. पण आधी एका शहराबद्दल बोलावं लागेल, कारण त्या शहराच्या नावाशिवाय हिंदुस्थानातल्या खेळाच्या जुन्या सामानाची तारीख लागत नाही.

ते शहर सियालकोट. पंजाबात, जम्मूच्या पायथ्याशी. इंग्रजांची तिथे मोठी छावणी होती. छावणी म्हणजे गोरे अधिकारी, आणि गोरे अधिकारी म्हणजे टेनिस, क्रिकेट, हॉकी, पोलो. विलायतेहून आलेली रॅकेट मोडली की ती पुन्हा विलायतेला कोण पाठवणार? स्थानिक कारागिरांनी आधी दुरुस्ती केली, मग नक्कल केली, मग स्वतःचा माल केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरदार गंडासिंग उबेरॉय यांच्यासारख्यांनी तिथे कारखाने उभे केले आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत सियालकोटचा माल देशभर आणि देशाबाहेर जाऊ लागला. विलोचं लाकूड काश्मीरहून जवळ होतं. हॉकीसाठी लागणारी तुती, म्हणजे शहतूत, पंजाबात होती. लाहोरजवळ चांगा मांगा नावाचं जंगल इंग्रजांनी १८६६ च्या सुमारास रेल्वेच्या इंधनासाठी लावलं होतं. त्यातली शहतूत पुढे खेळाच्या सामानाला कामी आली.

या धंद्याची एक रचना होती, ती लक्षात ठेवा. कारखान्यांचे मालक आणि व्यापारी बऱ्याच प्रमाणात हिंदू आणि शीख होते. हातात रंधा आणि पटाशी धरणारे कारागीर बहुतांशी मुसलमान. १९४७ च्या ऑगस्टमध्ये सीमा आखली गेली आणि सियालकोट पलीकडे गेलं. मालक मंडळी इकडे आली. त्यांनी मुख्यतः जालंधर आणि मेरठ इथे पुन्हा धंदा मांडला. बरेच कारागीर तिथेच राहिले आणि पुढे सियालकोटचा पाकिस्तानी धंदा त्यांनी उभा केला. आज आपण ज्याला ‘एसजी’ म्हणतो ती सॅन्सपॅरिल्स कंपनी १९३१ साली सियालकोटला सुरू झाली आणि फाळणीनंतर मेरठला आली. म्हणजे एकच हुनर दोन तुकड्यांत वाटला गेला. माणसांवर काय गुजरलं ते वेगळं, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण या वाटणीमुळे वस्तूवरच्या लेबलावर एक रेघ उमटली. ‘सियालकोट’ आणि त्याखाली ‘इंडिया’ किंवा ‘पंजाब’ असेल तर वस्तू त्या रेघेच्या अलीकडे बनली. ‘सियालकोट, पाकिस्तान’ असेल तर पलीकडे. ‘जालंधर’ किंवा ‘मेरठ’ असेल तर बहुधा पलीकडेच.

आता ती काठी.

आमच्या गावात एक खाला राहतात, वय ऐंशीच्या घरात. त्यांचे सासरे रेल्वेत नोकरीला होते. गावाच्या नावातच रेल्वे आहे, आणि नागपूरकडे जाणारी ही लाइन १८६७ पासूनची. तेव्हा रेल्वेतली मंडळी हॉकी खेळत यात नवल काही नाही. सासऱ्यांची हॉकी घरात होती. घरातली समजूत अशी की ती १९३६ ची, बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळची. खालांचा नातू एके दिवशी ती घेऊन माझ्याकडे आला. शाळेच्या प्रदर्शनात ठेवायची म्हणून त्याने साफ करायला घेतली होती. दांड्यावर काळी कापडी पट्टी गुंडाळलेली होती, ती वाळून पापडासारखी झाली होती आणि हात लावताच सुटली. खाली लेबल निघालं. ते वाचून पोरगा अडला.

“सर, यावर सियालकोट लिहिलंय. मोबाइलवर पाहिलं तर ते पाकिस्तानात आहे. पॉलिशपेपर मारून काढून टाकू का? प्रदर्शनात कोणी काही बोललं तर?”

मी त्याला म्हटलं, पॉलिशपेपर बाजूला ठेव. आधी काठीला विचारू.

पहिला प्रश्न लाकडाचा. जुन्या विलायती हॉकीचं डोकं ॲश नावाच्या लाकडाचं असे. ॲश फिकट असतं, त्याचे रेषे सरळ, ठळक आणि एकमेकांपासून दूर दिसतात. शहतूतचं लाकूड ताजं असताना पिवळसर असतं आणि वय वाढलं की मधाच्या, मग गुळाच्या रंगाचं होत जातं. रंग पाहताना मात्र बाहेरचा पृष्ठभाग पाहू नये. तेल, घाम आणि वॉर्निश कोणत्याही लाकडाला काळं करतात, आणि काळं म्हणजे जुनं असं मुळीच नसतं. जिथे लाकूड आघाताने सोलून निघालं आहे, म्हणजे टोकाच्या खालच्या बाजूला, तिथे पाहावं. या काठीत तिथला रंग मधासारखा होता. लाकूड शहतूत. गावच्या सुताराने बाभळीची केलेली हॉकी मी पाहिली आहे. ती हातात घेताच जड लागते आणि तिचं टोक वाकवलेलं नसतं, कापून काढलेलं असतं. त्यामुळे रेषे वळणाबरोबर फिरत नाहीत, मध्येच तुटतात. या काठीचे रेषे मात्र नदी वळावी तसे टोकापर्यंत वळत गेले होते. म्हणजे लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवलेलं होतं, कारखान्याचं काम.

दुसरा प्रश्न आकाराचा, आणि हॉकीच्या बाबतीत हाच सर्वांत मोठा साक्षीदार आहे. सुरुवातीच्या विलायती हॉकीचं टोक लांब असे. काठी जमिनीवर उभी धरली तर पुढचा भाग पसरट, जरासा होडीसारखा दिसे. ॲशला फार घट्ट वळण देता येत नाही, देऊ गेलं तर रेषा फाटते. शहतूत जास्त लवचीक. म्हणून सियालकोट आणि पंजाबच्या कारागिरांना टोक आखूड आणि वळण घट्ट करता आलं. आखूड टोकाचा फायदा मैदानावर कळतो. चेंडू डावीकडून उजवीकडे नेताना काठी पटकन उलटी फिरवावी लागते, कारण हॉकीला एकच सपाट बाजू असते आणि नियमाने त्याच बाजूने खेळायचं असतं. टोक लांब असेल तर ते फिरवताना जमिनीला अडतं. आपल्या खेळाडूंचा सगळा खेळच चेंडू काठीशी चिकटवून नेण्याचा होता. खेळाने आकार घडवला आणि आकाराने खेळ. हा आखूड टोकाचा ‘हिंदुस्थानी’ नमुना १९३० च्या दशकात पुढे आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर तोच चालू लागला.

खालांच्या घरच्या काठीचं टोक आखूड होतं, पण अलीकडच्या काठ्यांसारखं आकड्यागत वर वळलेलं नव्हतं. तसं वळण १९७६ नंतरच्या काळातलं. त्या वर्षी माँट्रियलच्या ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि मग काठ्यांचे आकारही बदलत गेले. काचधाग्याचं किंवा प्लास्टिकचं आवरणही या काठीवर नव्हतं. तेव्हा आकारावरून हद्द अशी पडली: १९३० च्या दशकाच्या आधीची नाही, सत्तरच्या दशकानंतरची नाही. चाळीस वर्षांचा पट्टा. फार मोठा. तो आवळायला लेबल लागतं.

लेबल दोन प्रकारची असतात. एक लाकडात दाबून किंवा डागून उमटवलेला ठसा. दुसरं म्हणजे रंगीत छापील चित्र, जे कागदावरून ओलं करून लाकडावर उतरवतात आणि वरून वॉर्निश मारतात. लहानपणी आपण पाण्यात बुडवून वहीवर चिकटवत होतो, तोच प्रकार. जुन्या मालावर दाबलेले ठसे जास्त दिसतात, मग रंगीत चित्रं वाढत गेली, आणि कितीतरी काठ्यांवर दोन्ही असतात. या काठीवर ढालीच्या आकाराचं रंगीत चित्र होतं. कंपनीचं नाव मध्ये होतं तेवढं पुसलं गेलेलं. खाली मात्र दोन ओळी स्पष्ट: इंग्रजीत ‘सियालकोट’, त्याखाली ‘इंडिया’.

इथे एक नियम सांगतो. तो मला स्वतःला फार उपयोगी पडला आहे. नवं नाव भक्कम पुरावा देतं, जुनं नाव कच्चा. ‘पाकिस्तान’ हा शब्द लेबलावर असेल तर ती वस्तू १९४७ च्या आधीची असूच शकत नाही, कारण तोवर तसा देशच नव्हता. पण ‘सियालकोट, इंडिया’ असेल तर छापलेली जुनी चित्रं शिल्लक असल्याने ती थोडी नंतरही वापरली जाऊ शकतात, आणि दुकानात पडलेला माल तर दोन-तीन वर्षं सहज विकला जातो. तरीही सियालकोटची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथला धंदा त्या ऑगस्टमध्ये अक्षरशः तुटला. मालक गेले, आणि ‘इंडिया’ लिहिलेलं लेबल लावून माल काढायचं कोणाला कारण उरलं नाही. म्हणून ही काठी १९४७ च्या ऑगस्टआधी बनली असं बेधडक म्हणता येतं. विकली कधी गेली, ते अजून सांगता येत नव्हतं.

ते दुकानाच्या शिक्क्याने सांगितलं. मुठीच्या खाली, दांड्याच्या मागच्या बाजूला, जांभळ्या शाईचा पुसट शिक्का होता. उजेड समोरून टाकला तर काही दिसत नव्हतं. खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी दांड्याला जवळजवळ चिकटवून आडवी धरली, तेव्हा अक्षरं उठून आली. दुकानाचं नाव अर्धवट, पण गावाचं नाव इंग्रजीत जुन्या स्पेलिंगने, म्हणजे ‘व्ही’ नसलेलं ‘अमराओती’, आणि पुढे ‘बेरार’.

वऱ्हाडातल्या वाचकांसाठी हा भाग फार कामाचा आहे, कारण आपला मुलूख दहा-बारा वर्षांत तीनदा नाव बदलून बसला. १९५० च्या जानेवारीपर्यंत आपण मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतो, इंग्रजीत ‘सी. पी. अँड बेरार’. मग त्याचं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो. १ मे १९६० ला महाराष्ट्रात. तेव्हा जुन्या पावतीवर, शिक्क्यावर, ट्रॉफीवर ‘अमरावती, एम. पी.’ असं दिसलं तर ती चूक समजू नका, ती तारीख आहे. किंमतही अशीच बोलते. रुपये, आणे, पै अशा तीन घरांत लिहिलेली किंमत १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या हिशेबाची. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. या काठीवर शिक्क्याशेजारी पेन्सिलीने किंमत होती: ६-४-०. सहा रुपये चार आणे.

इथेही तोच नियम. ‘बेरार’ हे जुनं नाव, त्यामुळे पुरावा कच्चा. रबरी शिक्का झिजेपर्यंत दुकानदार नवा करत नाही. पण लेबल, शिक्का आणि किंमत हे तिन्ही साक्षीदार एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर त्यांचं मानावं. आखूड टोक आहे म्हणून १९३० च्या दशकाच्या आधीची नाही. ‘सियालकोट, इंडिया’ आहे म्हणून १९४७ नंतर बनलेली नाही. विक्री अमरावतीत, फार तर चाळीसच्या दशकाच्या अखेरपर्यंत. चाळीस वर्षांचा पट्टा पंधरा-सोळावर आला.

मग १९३६ चं काय? ते खोटं ठरत नाही आणि खरंही ठरत नाही. १९३६ हे साल आपल्या भागात दोन कारणांनी लक्षात राहिलं. १५ ऑगस्ट १९३६ ला ध्यानचंदच्या संघाने बर्लिनला यजमान जर्मनीला ८-१ ने हरवलं. त्याच संघात अली इक्तिदार शाह दारा होते. आणि त्याच ऑलिम्पिकला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला बर्लिनला गेलं होतं. त्यामुळे अमरावती जिल्ह्यात ‘बर्लिन’ हा शब्द घराघरांत पोहोचला होता. ज्या घरात त्या दशकातली काठी होती, तिथे ती बर्लिनच्या सालाला जाऊन चिकटली तर आश्चर्य नाही. काठीवर मात्र ते साल कुठेही नाही.

आता दुरुस्त्या. वस्तू कधी बनली ते लाकूड आणि लेबल सांगतं, पण कोण किती वर्षं खेळलं हे दुरुस्त्या सांगतात. त्यांचा क्रम लावायची रीत सोपी आहे: कोणता थर कोणाच्या वर आहे ते पाहायचं. वरचा थर नंतरचा. जमीन खणताना जसं असतं तसंच.

हॉकीची काठी दोन तुकड्यांची असते. खालचं डोकं शहतूतचं, वरची मूठ वेताची. मूठ पाचरीसारखी निमुळती करून डोक्याच्या खाचेत बसवतात, सरसाने चिकटवतात आणि सांध्यावर दोरा घट्ट गुंडाळतात. वेताच्या पट्ट्यांमध्ये रबर किंवा बूच घालतात, त्याने हाताला हिसका कमी बसतो. सांधा हीच काठीची नाजूक जागा. काठी मोडली तर बहुतेक तिथेच चिरते.

या काठीची लांबी मोजली तर ३४ इंच भरली. मोठ्या माणसाची हॉकी साधारण ३६-३७ इंचांची असते. वरचं टोक पाहिलं तर वेत करवतीने कापलेला दिसला, पट्ट्या आणि मधलं रबर उघडं. कारखाना तसं उघडं सोडत नाही. म्हणजे कोणीतरी काठी आखूड केली होती, आणि काठी आखूड करण्याचं एकच कारण असतं, घरात लहान खेळाडू आला. कापलेल्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि वर सुती दोरा होता. सासऱ्यांची काठी मुलाच्या हातात गेली होती. खालांचे शोहर १९४० च्या आसपास जन्मलेले, म्हणजे हे काम पन्नाशीच्या दशकातलं असावं. हा माझा अंदाज, घरच्या वयांवरून काढलेला. काठी फक्त एवढंच सांगते की कापणी कारखान्यानंतरची आहे.

आणि मग ती काळी पट्टी. ती बरोबर सांध्याच्या जागी होती, म्हणून घरातले सगळे समजत होते की काठी तिथे चिरली होती आणि ती दुरुस्ती आहे. मीही आधी चीर शोधली. काठी टोकाकडून सैल धरून दांड्यावर बोटाने टिचकी मारत गेलो. चिरलेला सांधा बद्द आवाज देतो, धड सांधा टणक. सगळीकडे टणक. नखाने चाचपलं, भिंगाने पाहिलं. कारखान्याचा मूळ दोरा जागेवर, वॉर्निश अखंड, सरसाचा दुसरा हात कुठेच नाही. खाली मोडतोड नसलेली पट्टी ही दुरुस्ती नसते. ती काहीतरी धरून ठेवायला लावलेली नसते, झाकायला लावलेली असते.

पट्टीने अजून दोन गोष्टी सांगितल्या. तिच्या वरच्या कडेच्या डिंकाचा डाग सायकलच्या ट्यूबवर चढला होता, म्हणजे पट्टी ट्यूबनंतरची. आणि तिच्याखालच्या लेबलाचा एक कोपरा आधीच घासून गुळगुळीत झालेला होता. म्हणजे पट्टी लावायच्या आधी ही काठी उघड्या लेबलाने वर्षानुवर्षं खेळली गेली होती. तेव्हा ते नाव कोणाला खुपत नव्हतं. बाकीचा रंग मात्र पट्टीखाली इतका ताजा राहिला की जणू काल छापला.

मी हे सगळं नातवाला दाखवलं आणि मग आम्ही खालांकडे गेलो. काही सुचवायचं नाही असं ठरवून फक्त विचारलं, “खाला, ही काठी इथे तुटली होती का?” त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. म्हणाल्या, “टूटी नहीं थी बेटा. अब्बा ने जंग के टाइम पे पट्टी लपेट दी थी. मेरी नई-नई शादी हुई थी.” अब्बा म्हणजे सासरे. शादी १९६३ ची. जंग म्हणजे १९६५ ची. सियालकोट त्या वेळी रोज रेडिओवर होतं, कारण त्याच भागात मोठी लढाई चालली होती. ज्या नावाची काठी घेऊन माणूस पंधरा-वीस वर्षं मैदानावर गेला, त्याच नावावर त्याला घरात बसून पट्टी गुंडाळावीशी वाटली. त्यांना कोणी काही बोललं होतं का, हे खालांना माहीत नाही. काठीलाही माहीत नाही. पट्टी का लावली हे फक्त माणूस सांगू शकतो आणि तो आता नाही. पण पट्टी लावली, लेबल खरवडलं नाही, हे लाकूड सांगतं. चाकू घरात होता. सायकलची ट्यूब कापायला तो वापरलाच होता.

नातवाला मी एवढंच समजावलं. तुझ्या मोबाइलवर सियालकोट पाकिस्तानात आहे, बरोबर आहे. पण ही काठी बनली तेव्हा ते तिथे नव्हतं. लेबलावर खाली ‘इंडिया’ लिहिलं आहे, ते कारखान्यानेच लिहिलं आहे. तो कारखाना बहुधा एखाद्या हिंदू किंवा शीख मालकाचा असेल, ज्याला पुढे ते शहर सोडावं लागलं. काठी वाकवणारा बहुधा मुसलमान असेल, जो तिथेच राहिला. विकली अमरावतीच्या दुकानदाराने, खेळला चांदूरचा रेल्वेवाला. आता यातलं कोणतं नाव पॉलिशपेपरने घासायचं, ते तूच सांग.

त्याने घासलं नाही. प्रदर्शनात काठीशेजारी पुठ्ठ्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘हॉकी, शहतूत. सियालकोट, हिंदुस्थान. अंदाजे १९३२ ते १९४७. विक्री अमरावती, किंमत ६ रुपये ४ आणे. १९६५ साली लेबलावर पट्टी.’ बर्लिनचा उल्लेख त्याने स्वतःहून गाळला. ते मला विशेष आवडलं.

बॅट आणि रॅकेटला हीच रीत लागते, फक्त साक्षीदार बदलतात.

बॅटचा आकार नियमाने फार बदलू शकत नाही. रुंदी ४¼ इंच १७७१ पासून ठरलेली, लांबी ३८ इंच १८३५ पासून. म्हणून बॅटमध्ये जाडी पाहायची. जुन्या बॅटचे खांदे उतरते, कडा पातळ आणि वजन हलकं. जाड कडांची बॅट सत्तर-ऐंशीच्या दशकापासून वाढत गेली. मागून खोबणी काढलेली बॅट असेल तर १९७४ च्या आधीची नसावी, कारण ग्रे-निकल्सने तो प्रकार त्या वर्षी बाजारात आणला आणि मग इतरांनी उचलला. पांढरं चकचकीत प्लास्टिकचं आवरणही सत्तरच्या दशकापासूनचं. आधीच्या बॅटला जवसाचं तेल पाजावं लागे, आणि आपल्या वऱ्हाडात जवसाला काय तोटा? त्यामुळे इथल्या बॅटी जरा जास्तच काळ्या दिसतात. तो रंग पाहून शंभर वर्षं सांगू नका. स्थापनेच्या सालानेही फसू नका. लेबलावर १९३१ छापलं असेल आणि गाव मेरठ असेल तर १९३१ हे कंपनीच्या जन्माचं साल आहे, बॅटच्या नव्हे.

रॅकेटमध्ये गळ्याकडे पाहा, जिथे गोल चौकट आणि दांडा भेटतो. तिथल्या लाकडी पाचरीची तारांकडची कड पोट काढल्यासारखी बाहेर आलेली असेल तर रॅकेट फार जुनी, साधारण पहिल्या महायुद्धाच्या आधीची. आत वळलेली असेल तर नंतरची. मग चौकटीची कड पाहा. एकाच ॲशच्या पट्टीची असेल तर जुनी पद्धत. पुस्तकाच्या पानांसारखे पातळ थर चिकटवलेले दिसले तर तीसच्या दशकानंतरची, कारण डनलॉपची मॅक्सप्लाय १९३१ साली आली आणि थरांची रॅकेट सर्वत्र झाली. मुठीवर चामडं नसून नुसतं खाचा पाडलेलं लाकूड असेल तर तीही जुनी खूण. तारांवर मात्र भरवसा ठेवू नये. आतड्याची तात असो की नायलॉन, तारा दर एक-दोन वर्षांनी बदलल्या जात. त्या रॅकेटचं वय सांगत नाहीत, शेवटचा खेळ कधी झाला ते सांगतात.

घरात अशी वस्तू निघाली तर तेल लावू नका, वॉर्निश मारू नका, पॉलिशपेपर तर नाहीच. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा, अंधारात उजेड आडवा धरून सगळ्या बाजूंचे फोटो काढा, लांबी मोजा, वजन करा, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. दुरुस्ती दिसली तर ती काढायच्या आधी तिच्याखाली खरंच काही मोडलं आहे का, ते पाहा.